उद्देश, हेतू, जाणीव : आणि ‘मारणे’ या क्रियापदाची अडचण

प्रश्न : मी मराठी माध्यमातून एलएलबी करते आहे. ‘मेन्स रिया’ला कुणी ‘गुन्हेगारी हेतू’ म्हणतं, कुणी ‘दोषी मन’, कुणी ‘इरादा’. यांतला कुठला शब्द बरोबर? आणि परीक्षेत ‘आरोपीचा उद्देश होता का, चर्चा करा’ असं आलं की माझं उत्तर पसरट होतं. ते कुठून सुरू करून कसं बांधायचं?

आधी शब्दांबद्दल. ‘दोषी मन’ हा मूळ लॅटिन शब्दांचा सरळ अर्थ आहे. तो ठेवायला हरकत नाही, पण तो छत्रीसारखा शब्द आहे आणि त्याखाली बरंच काही येतं. ‘गुन्हेगारी हेतू’ मात्र मी टाळेन, कारण ‘हेतू’ कायद्यात दुसऱ्या कामासाठी लागतो.

‘मेन्स रिया’ आणि कृतीसाठीचा ‘अ‍ॅक्टस रेयस’ ही जोडी एकाच लॅटिन सूत्रातून आली आहे: ‘अ‍ॅक्टस नॉन फासिट रेउम निसी मेन्स सिट रेआ’. मन दोषी असल्याशिवाय नुसती कृती माणसाला दोषी ठरवत नाही, असा त्याचा अर्थ. सूत्राचं मूळ संत ऑगस्टीनच्या खोट्या शपथेवरच्या एका प्रवचनात सापडतं. तिथे कृतीच्या जागी जीभ आहे: मन दोषी असेल तरच जीभ दोषी. या सूत्रात ‘रेउम’ हे विशेषण कृतीला लागत नाही, माणसाला लागतं. ‘अ‍ॅक्टस रेयस’ म्हणजे ‘दोषी कृती’ ही जोडी पुढे कायद्याच्या पुस्तकांनी सोयीसाठी बनवली. म्हणून मराठीत ‘दोषी कृती’ असं भाषांतर करत बसण्यापेक्षा नुसतं ‘कृती’ म्हणा. भाला खुपसणं ही स्वतः दोषी किंवा निर्दोष गोष्ट नसते. तो कुणी, काय मनात धरून खुपसला यावर सगळं ठरतं.

आपल्या भारतीय न्याय संहितेत ‘मेन्स रिया’ हा शब्दप्रयोग येत नाही. प्रत्येक गुन्ह्याच्या व्याख्येतच मनाची अवस्था लिहिलेली असते: कुठे उद्देश, कुठे जाणीव, कुठे अप्रामाणिकपणे, कुठे इच्छापूर्वक. त्यामुळे ‘मेन्स रिया होती का?’ हा प्रश्न उत्तरपत्रिकेत मोकळा सोडू नका. या कलमाला मनाची कुठली अवस्था लागते, असा तो विचारा.

आता तीन शब्द वेगळे करू. हेतू म्हणजे कृतीमागचं कारण: जमिनीचा वाद, मत्सर, पैशाची निकड. उद्देश म्हणजे त्या कृतीतून जे घडवायचं असतं ते. जाणीव म्हणजे असं घडण्याचा संभव आहे हे ठाऊक असणं, मग ते घडावं अशी इच्छा असो वा नसो. असाध्य दुखण्याने तळमळणाऱ्या बापाला मुलाने विष दिलं, तर हेतू दयेचा आहे, पण उद्देश मृत्यूचाच आहे. हेतू पुराव्यात उपयोगी पडतो, शिक्षेचा विचार करतानाही पडतो, पण खुनाच्या व्याख्येत तो नाही. ‘हेतू सिद्ध झाला नाही, म्हणून उद्देश नव्हता’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत फार येतं आणि ते चूक आहे.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक अडचण असते, ती ‘मारणे’ या क्रियापदाची. ‘त्याला मारायचं होतं’ या वाक्यात ठोकायचं होतं की जिवानिशी संपवायचं होतं? बोलीत दोन्ही अर्थ चालतात. पोलिसांपुढच्या जबाबात ‘मी त्याला मारायला गेलो होतो’ असं आलं, तर त्यावरून उद्देश ठरत नाही. आपण नेमकं बोलायचं असलं की ‘जिवे मारणे’, ‘ठार मारणे’, ‘मारून टाकणे’ म्हणतो, आणि म्हणूनच फिर्यादीत ‘जिवे ठार मारण्याच्या उद्देशाने’ असे जोडशब्द भेटतात. उत्तरात ‘मारण्याचा उद्देश’ कधीच लिहू नका. ‘मृत्यू घडवण्याचा उद्देश’ किंवा ‘अमुक इजा करण्याचा उद्देश’ असं लिहा. उद्देश या शब्दाला मराठीत ‘कशाचा?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, आणि तुमचं उत्तर बांधायला नेमका हाच प्रश्न लागतो.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 101 मध्ये खुनाची व्याख्या आहे, म्हणजे जुन्या दंड संहितेचं कलम 300. तिच्या पहिल्या भागात मृत्यू घडवण्याचा उद्देश लागतो. तिसऱ्या भागात इजा करण्याचा उद्देश लागतो, आणि ती इजा सामान्य निसर्गक्रमात मृत्यू घडायला पुरेशी असावी लागते. या तिसऱ्या भागात उद्देशाचा विषय मृत्यू नाही, इजा आहे. विद्यार्थी घसरतात ते इथेच.

यावरचा पायाचा निकाल 1958 चा, विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य. तो न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिला. ते आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. खटल्यात भाल्याचा एकच वार होता, पोटावर. जखमेची तोंडाकडची लांबी दोन इंच होती, पण आतड्याची तीन वेटोळी बाहेर आली आणि जखमी माणूस दुसऱ्या दिवशी दगावला. ही इजा सामान्य क्रमात मृत्यूला पुरेशी होती, असं डॉक्टरांनी सांगितलं. बचावाचं म्हणणं होतं की मृत्यूला पुरेल एवढी इजा करण्याचाच उद्देश होता हे सरकार पक्षाने सिद्ध केलेलं नाही.

बोस यांनी हे वाक्य मधोमध तोडलं. इजा झाली का आणि ती कसली, हे वस्तुस्थितीचे प्रश्न. तीच इजा करायची होती की ती अपघाताने, चुकून झाली, किंवा वेगळीच इजा मनात होती, हा एवढाच मनाचा प्रश्न. ती मृत्यूला पुरेशी होती का, हा पुन्हा वस्तुस्थितीचा प्रश्न, त्याचं उत्तर वैद्यकीय पुराव्यातून येतं आणि आरोपीच्या मनाशी त्याचा संबंध नाही. भाला पोटात खुपसायचा होता, एवढं दिसलं की पुरे. आतडी किती नाजूक असतात हे आरोपीला ठाऊक असण्याची गरज नाही. खुनाची शिक्षा कायम राहिली. ‘वार एकच होता, म्हणून खून नाही’ हा गैरसमजही या निकालापुढे टिकत नाही.

‘कशाचा उद्देश?’ हा प्रश्न उलट बाजूनेही चालतो. 1968 च्या हरजिंदर सिंग ऊर्फ जिंदा विरुद्ध दिल्ली प्रशासन या खटल्यात झटापट चालू असताना मध्ये पडलेला माणूस वाकलेला होता. सुरीचा वार त्याच्या मांडीवर बसला आणि तिथली मोठी रक्तवाहिनी कापली गेली. इजा मृत्यूला पुरेशी होती, यात वाद नव्हता. पण नेमक्या त्याच जागी तीच इजा करायची होती, असं त्या गोंधळातून म्हणता येईना. मनाचा एकमेव प्रश्न अनुत्तरित राहिला आणि गुन्हा खुनावरून सदोष मनुष्यवधावर आला.

तिसरी शक्यता मुंबई उच्च न्यायालयाच्या 1876 च्या गोविंदा खटल्यात दिसते. अठरा वर्षांच्या नवऱ्याने पंधरा वर्षांच्या बायकोला खाली पाडलं, छातीवर गुडघा ठेवला आणि चेहऱ्यावर दोन-तीन जोराचे ठोसे मारले. मेंदूवर रक्त साचून ती गेली. ठोसे चेहऱ्यावर मारायचे होते, यात शंका नाही. पण न्यायमूर्ती मेलव्हिल यांनी विचार केला की अशी इजा सामान्य क्रमात मृत्यूला पुरेशी असते, की तिच्यामुळे मृत्यूचा फक्त संभव असतो? त्यांनी दुसरा पर्याय धरला आणि खून मानला नाही. इथे मनाचा प्रश्न सुटला होता, इजेची तीव्रता कमी पडली. कमी वयाच्या त्या मुलीच्या मृत्यूचा हा हिशेब वाचताना आजही घशाशी येतं. पण ‘पुरेशी’ आणि ‘संभव’ यांतलं अंतर त्याच निकालात सगळ्यांत स्पष्ट दिसतं, म्हणून तो वाचावाच.

आता उत्तराची बांधणी. सुरुवात मनापासून करू नका, कृतीपासून करा. काय केलं, त्यातून काय घडलं, आणि मृत्यू त्याच कृतीमुळे झाला का, हे प्रश्नातल्या तपशिलावरून दोन-तीन वाक्यांत ठरवा. कार्यकारण वादग्रस्त नसेल तर तिथे रेंगाळू नका. मग कलमाचा कुठला भाग लावणार ते सांगा आणि त्या भागात उद्देश कशाचा लागतो ते एका वाक्यात लिहा. त्यानंतरच तपशील वापरा. मन कुणाला दिसत नाही, त्यामुळे उद्देश बाहेरच्या खुणांवरून काढावा लागतो: शस्त्र कुठलं, ते बरोबर आणलं होतं की हाताशी सापडलं, वार शरीराच्या कुठल्या भागावर, किती जोराने, आधी काय बोलणं झालं, नंतर आरोपी पळाला की दवाखान्यात घेऊन गेला. प्रत्येक खूण कुठल्या उद्देशाकडे बोट दाखवते ते लिहा. नुसती यादी केली की उत्तर पसरतं.

समजा प्रश्नात असं आहे: बांधाच्या भांडणात एकाने कामासाठी हातात असलेल्या कोयत्याने समोर स्थिर उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या मानेवर एक वार केला आणि तो जागीच गेला. मी असं लिहीन: ‘कोयता त्याच्या हातात कामासाठी होता, त्यामुळे पूर्वतयारी दिसत नाही आणि मृत्यू घडवण्याचा उद्देश शंकेच्या पलीकडे म्हणता येत नाही. पण वार मानेवर होता, समोरचा माणूस स्थिर उभा होता आणि वार हुकून तिथे बसला असं काही दिसत नाही. म्हणून मानेवर इजा करण्याचा उद्देश सिद्ध होतो. वैद्यकीय अहवालानुसार ती इजा सामान्य क्रमात मृत्यूला पुरेशी असेल, तर तिसरा भाग लागू होतो.’ यानंतर अचानक भांडण किंवा गंभीर चिथावणी हे अपवाद तपासायचे, कारण ते लागले तर खून सदोष मनुष्यवध होतो. उद्देश बसला नाही, तरच जाणिवेकडे वळा. दोन्ही एका वाक्यात ‘उद्देश व जाणीव’ असे बांधून टाकलेत, तर नेमका कशावर निर्णय दिलात हे वाचणाऱ्याला कळणार नाही.

‘इरादा’ उद्देशाच्या अर्थाने वापरला तर चूक नाही. बोलण्यात तो अधिक सहज येतो. फक्त एका उत्तरात एकच शब्द ठेवा. कलमांचे आकडेही सांभाळा: 1 जुलै 2024 पासूनच्या घटनेला न्याय संहितेची कलमं, त्याआधीच्या घटनेला दंड संहितेची. विरसा सिंग, हरजिंदर सिंग, गोविंदा हे निकाल 299 आणि 300 या कलमांवरचे आहेत, पण व्याख्येचा मजकूर कलम 100 आणि 101 मध्ये जवळजवळ तसाच आला आहे, म्हणून ते नव्या प्रश्नातही लावता येतात.