प्रेझेंटेशनला येता येणार नाही, तर आधी कोणाला सांगू?

अगं, शुक्रवारी प्रेझेंटेशन आणि त्याच दिवशी ताईचं लग्न ग्वाल्हेरला, म्हणजे गुरुवारी तू इंदूरहून निघणार. मग आजच सांग. आधी ग्रुपला, तेही फोन करून. त्यांना सरांकडून कळलं तर मनाला लागतं.

फोनवर नुसतं सॉरी पुरत नाही. तुझ्या स्लाइड्स ६ ते ९ कोण बोलणार ते ठरव, त्याला मुद्दे लिहून दे आणि बुधवारी एकदा त्याच्याकडून म्हणवून घे.

मग सरांना मेल, ग्रुपला सीसीत ठेवून:

«सर, बहिणीच्या लग्नामुळे शुक्रवारी येऊ शकत नाही. माझा भाग रोहन मांडेल. माझी तोंडी परीक्षा आधी घेता येईल का?»

कारण एका ओळीत पुरे. मार्कांचं मात्र विचारच, बहुतेक जण तिथेच गप्प बसतात.