नवजात बाळाच्या श्रवणचाचणीत ‘रेफर’ आल्यावर

प्रश्न : ‘मॅडम, जन्मानंतर दुसऱ्या दिवशी मुलीच्या कानांची तपासणी झाली आणि दोन्ही कानांपुढे रेफर असे लिहून आले. पण घरी ताट वाजवले की ती चांगली दचकते. मग तिला ऐकू येते असेच ना? पुन्हा तपासायलाच हवे का?’

बाळ १२ दिवसांचे असताना त्याचे आईवडील आणि आजी माझ्याकडे आले होते. पूर्ण दिवसांचे बाळंतपण, वजन उत्तम, काविळीचा त्रास नाही, अतिदक्षता कक्षात ठेवावे लागले नाही. हातातल्या डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘ओएई : उजवा रेफर, डावा रेफर’ एवढेच लिहिलेले होते. पुढे कुठे जायचे आणि कधी जायचे, याची एक ओळही त्यावर नव्हती, आणि माझ्या मते कुटुंबाची अर्धी घालमेल त्या न लिहिलेल्या ओळीमुळेच होती.

रेफर म्हणजे बहिरेपणाचे निदान नव्हे, हे मी त्यांना प्रथम सांगितले. ओएई चाचणीत बाळाच्या कानात मऊ टोकाची छोटी नळी बसवून बारीक आवाज सोडले जातात. आतल्या कानातील केसपेशी निरोगी असतील, तर त्या आवाजाला प्रतिसाद म्हणून अत्यंत क्षीण ध्वनी उलट बाहेर येतो आणि नळीतला मायक्रोफोन तो टिपतो. प्रतिसाद पुरेसा मिळाला नाही, तर यंत्र ‘रेफर’ दाखवते, म्हणजे पुढील तपासणीसाठी पाठवा असे सुचवते. आवाजाला जाताना आणि प्रतिसादाला येताना एकच वाट आहे, त्यामुळे त्या वाटेवर जन्माच्या वेळचा पांढरा चिकट थर राहिला असेल, मधल्या कानात गर्भजल असेल, बाळ रडत असेल किंवा खोलीत गलका असेल, तरी रेफर येऊ शकते. पहिल्या एकदोन दिवसांत अशी कारणे सर्रास असतात, म्हणूनच दुसऱ्या दिवशी रेफर आलेली बहुसंख्य बाळे काही आठवड्यांनी केलेल्या फेरतपासणीत पास होतात.

ताटाचा मुद्दा आजींनी काढला होता आणि त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटले, कारण या घरगुती परीक्षेने समाधान मानून पालक वर्षभर थांबल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. बाळाजवळ वाजवलेल्या स्टीलच्या ताटाचा आवाज ८०-९० डेसिबलच्या घरात किंवा त्याहूनही मोठा असतो, तर आपले नेहमीचे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. मध्यम प्रमाणात श्रवणदोष असलेले बाळ ताटाला नक्की दचकेल, परंतु आईच्या बोलण्यातले हळू उच्चारलेले ‘स’ किंवा ‘फ’ त्याच्यापर्यंत पोहोचणार नाहीत. शिवाय पाळण्याला बसलेला हादरा, हाताची सावली किंवा वाऱ्याची झुळूक यांनीही बाळ दचकते. एका कानाने नीट ऐकणारे बाळ तर ही परीक्षा हमखास उत्तीर्ण होते.

त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कान आतून पाहिले आणि बाळ दूध पिऊन झोपल्यावर आम्ही शांत खोलीत दोन्ही कानांची ओएई पुन्हा केली. (पहिल्या वेळी एकाच कानात रेफर आले असले, तरी फेरतपासणी दोन्ही कानांची करायची असते.) निकाल पुन्हा दोन्हीकडे रेफर आला. तेव्हा मी बालरोगतज्ज्ञांशी बोलून बाळाची सीएमव्ही या विषाणूसाठीची तपासणी लगेच करून घ्यायला सांगितले. गर्भात असताना झालेला हा संसर्ग श्रवणदोषाचे एक महत्त्वाचे कारण आहे आणि लघवी किंवा लाळेची तपासणी जन्मानंतर २१ दिवसांच्या आत झाली, तरच तो जन्मापूर्वीचा की नंतरचा हे खात्रीने सांगता येते. हा अहवाल सुदैवाने नकारात्मक आला.

वडिलांचे म्हणणे होते की दुसऱ्या केंद्रात, दुसऱ्या यंत्रावर एकदा पाहू. त्यांची इच्छा मला समजत होती, तरीही मी त्यांना थांबवले. चाळणी चाचणी पुन्हा पुन्हा केली, तर केव्हातरी केवळ योगायोगाने पास येण्याची शक्यता वाढते आणि दरम्यान आठवडे निघून जातात. एका फेरतपासणीनंतरही रेफर राहिले, तर पुढची पायरी निदानाची असते. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांची सुरुवात, असे वेळापत्रक जगभर पाळले जाते.

सहाव्या आठवड्यात बेरा चाचणी झाली. कपाळावर आणि कानामागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवून, आवाजाला श्रवणनस व मेंदूचा तळ कसा प्रतिसाद देतात, हे त्यात नोंदवतात. बाळ गाढ झोपलेले असावे लागते, म्हणून आईला मी सांगितले होते की येताना प्रवासात त्याला झोपू देऊ नका आणि दूध इथे आल्यावरच पाजा. या वयात बहुतेक बाळांना झोपेचे औषध लागत नाही, मोठ्या बाळांना मात्र बऱ्याचदा द्यावे लागते. चाचणी केवळ एका प्रकारच्या ‘क्लिक’ आवाजावर न थांबवता वेगवेगळ्या उंचीच्या स्वरांवर, तसेच कानामागच्या हाडातून आवाज देऊनही केली आणि पडद्याची हालचाल मोजून मधल्या कानाची स्थिती सांगणारी टिंपॅनोमेट्री लहान बाळांसाठी योग्य अशा १००० हर्ट्झच्या स्वराने केली. मधला कान निर्दोष होता. दोन्ही कानांत सुमारे ५५ डेसिबलचा, आतल्या कानातला श्रवणदोष निघाला. ताटाला दचकणारी आणि तरीही बोलणे अर्धवट ऐकणारी मुलगी, असा त्याचा अर्थ होता.

‘आमच्या दोन्ही घराण्यांत कुणी बहिरे नाही,’ असे आजी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. श्रवणदोष असलेली बहुतेक मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्याच पोटी जन्मतात. आई आणि वडील दोघेही एकाच सदोष जनुकाचे वाहक असले, तर त्यांना स्वतःला काहीही त्रास नसतो, पण अपत्यात दोष उमटू शकतो. गरोदरपणी अमुक खाल्ले किंवा ग्रहण पाहिले, याचा त्याच्याशी संबंध नाही, हे मी आईकडे पाहून मुद्दाम सांगितले.

अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बाळांचे गणित वेगळे आहे. कमी दिवसांचे जन्मलेले, तीव्र कावीळ झालेले किंवा दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर असलेले बाळ ओएईत पास होऊनही त्याच्या श्रवणनसेत दोष असू शकतो. त्यामुळे अशा बाळांची चाळणी स्वयंचलित बेरा यंत्राने करतात, आणि तिच्यात रेफर आले तर ओएई पास करून घेऊन समाधान मानता येत नाही.

या मुलीला तिसऱ्या महिन्यात दोन्ही कानांना श्रवणयंत्रे बसवली. खर्चाची चिंता असल्याने कुटुंबाला मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा रस्ता दाखवला. या वयात कान झपाट्याने वाढत असल्याने यंत्राचा साचा काही आठवड्यांतच सैल होतो आणि यंत्र शीळ घालू लागते. तसे झाले की यंत्र काढून कपाटात ठेवायचे नाही, नवा साचा करून घ्यायचा, हे आजींना मी दोनदा सांगितले. मुलीचा श्रवणदोष वाढतो आहे का, हे पाहण्यासाठी तिची तपासणी दर तीन महिन्यांनी होते आणि भाषा-वाचा उपचारांसाठी आई तिला दर आठवड्याला घेऊन येते.