गूगल मॅप्सवरून घराची पिन काढताना

कुणीतरी तुमच्या घराची जागा 'अमुक निवास' म्हणून गूगल मॅप्सवर टाकली असेल, तर आधी त्या जागेची लिंक जपून ठेवा. मग ती जागा उघडून Suggest an edit आणि Close or remove निवडा. कारण देताना ही खासगी जागा आहे, लोकांसाठी खुली नाही, याच अर्थाचा पर्याय घ्या. 'कायमचे बंद' मुळीच निवडू नका. त्याने फक्त तशी पाटी लागते, पत्ता तसाच दिसत राहतो.

रागाच्या भरात तिथे रिव्ह्यू लिहू नका, कारण तुमचं नाव त्या पत्त्याला चिकटतं. दाराचे फोटो असतील तर प्रत्येकाची वेगळी तक्रार करा. शेवटी लॉगिन न करता शोधून बघा. स्वतःच्या खात्यात बदल झालेला दिसला, तरी इतरांना तो दिसत असेलच असं नाही.