एफडी मोडण्याआधी शनिवारचे तीन आकडे बघा

प्रश्न : डोंबिवलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे, चार वर्षं झाली. आठवड्याला ऐंशी-ब्याऐंशी हजारांची विक्री होते, त्यातले तीसेक हजार कंपन्यांच्या डब्यांचे. कल्याणला एक गाळा मिळतोय. डिपॉझिट आणि स्वयंपाकघर धरून सहा लाख लागतील. सात लाखांची एफडी मोडून शाखा काढू का? सगळे म्हणतात धंदा जोरात आहे, पण गेल्या दिवाळीत फराळाच्या मालासाठी बांगड्या गहाण ठेवाव्या लागल्या. धंदा खरंच बरा चाललाय, हे दर आठवड्याला कशावरून ओळखायचं? वहीच्या पानांचे फोटो सोबत पाठवतेय.

उत्तर :

ताई, एफडीला आत्ता हात लावू नका. कल्याणच्या गाळ्याचा विचार तेरा आठवडे पुढे ढकला. असं का म्हणतो, ते तुमच्याच वहीवरून दाखवतो. मी सांगितल्याप्रमाणे तुम्ही लागोपाठ दोन शनिवारी दुकान बंद केल्यावर उरलेला माल मोजलात, तेलाच्या अर्ध्या डब्यात काडी बुडवूनसुद्धा माप घेतलंत. त्यामुळे एका आठवड्याचा हिशोब नीट हाती लागला.

बांगड्यांचं कोडं आधी सोडवू. मागच्या शनिवारी बँकेत आणि गल्ल्यात मिळून तुमच्याकडे 96,000 रुपये होते. त्यातले दुसऱ्यांचे किती, हे वहीत कुठेच लिहिलेलं नाही. किराणावाल्याचे 38,000 आणि भाजीवाल्याचे 6,000 देणं आहे. महिन्याचे दोन आठवडे सरलेत, म्हणजे बायकांचा आणि डबे पोचवणाऱ्या मुलाचा 28,600 रुपये पगार चढलाय, जरी तो एक तारखेला द्यायचा असला तरी. गाळ्याचं भाडं त्याच हिशोबाने 8,300. आणि जीएसटी. तुम्ही लहान धंद्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत आहात, त्यामुळे गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, विक्रीच्या 5 टक्के आपल्याच खिशातून जातात. तिमाहीचे दहा आठवडे झालेत, म्हणजे साधारण 41,000 रुपये सरकारचे. बेरीज 1,21,900. 96,000 मधून ती वजा केली की उरतात उणे 25,900.

याला मी मोकळे पैसे म्हणतो, आणि दर शनिवारी रात्री लिहायचा पहिला आकडा हाच. येणं असलेली उधारी यात मिळवायची नाही, कारण ती हातात पडेपर्यंत तिच्यातून भाजीवाल्याचे पैसे देता येत नाहीत. फराळाच्या ऑर्डरचे आगाऊ घेतलेले पैसेही वजा करायचे. बँकेत दिसत असले तरी लाडू हातात देईपर्यंत ते गिऱ्हाइकाचेच. गेल्या वर्षी, 2025 मध्ये, दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली. जुलै ते सप्टेंबरचा जीएसटी सीएमपी-08 या तिमाही फॉर्मने भरायची शेवटची तारीख 18 ऑक्टोबर. बेसन, तूप, साखर, सुकामेवा घ्यायचा तो नेमका त्याच पंधरवड्यात. बँकेतली शिल्लक आपली समजून तुम्ही तीन महिने खर्च केलीत, आणि दोन्ही देणी एकाच वेळी दारात उभी राहिली. बांगड्या तिथे गेल्या. यापुढे दर शनिवारी विक्रीच्या 5 टक्के दुसऱ्या बचत खात्यात टाका. या आठवड्याचे 4,100.

दुसरा आकडा मालाचा वाटा. माझ्या मते तुमच्या धंद्याचं खरं दुखणं इथेच आहे, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेतो. मागच्या शनिवारी उरलेला माल 14,000 रुपयांचा होता. आठवड्यात खरेदी झाली 41,000 ची, त्यात पॅकिंगचे डबे आणि पिशव्याही धरल्यात. या शनिवारी उरला 11,000 चा. म्हणजे वापरला गेला 44,000 चा माल. विक्री 82,000. दर शंभर रुपयांमागे जवळजवळ 54 रुपये मालात गेले. तुम्ही फोनवर म्हणालात, “पंचेचाळीस धरून दर ठरवलेत.” मग आठवड्याला 7,100 रुपये कुठेतरी गळताहेत.

नुसती खरेदी बघून हे कधीच कळलं नसतं. ज्या आठवड्यात तेलाचे चार डबे एकदम आणता त्या आठवड्यात धंदा बुडाल्यासारखा वाटतो, आणि पुढच्या आठवड्यात उगाच नफा दिसतो. म्हणून माल मोजायचाच, तोही ठरलेल्या वेळी, शनिवारी रात्री. अर्धा तास लागतो.

गळती शोधायला चार जागा आहेत. पहिली म्हणजे भाव. सहा महिन्यांपूर्वीची आणि आताची किराणा बिलं शेजारी ठेवा. तेल, डाळ, कणीक चढली असेल आणि तुमची पोळी त्याच दरात असेल, तर दर वाढवणं एवढाच उपाय. दुसरी म्हणजे माप. भाजीच्या डब्यात 200 ग्रॅम भरायचं ठरलंय ना? गर्दीच्या वेळी भरलेले पाच डबे न सांगता उचला आणि काट्यावर ठेवा. 250 ग्रॅम भरले, तर प्रत्येक डब्यात पाव पट भाजी फुकट जातेय. भरणाऱ्या बाईंचा यात दोष नाही. हाताला अंदाज नसतो, म्हणून मापाचा डाव द्यायचा. पोळ्यांचंही तसंच. एक किलो कणकेत तुमच्या मापाच्या किती पोळ्या होतात ते एकदा समोर उभं राहून मोजा, मग रोज कणीक किती गेली आणि पोळ्या किती झाल्या ते ताडून बघा. तिसरी जागा म्हणजे रात्री उरणारं. आठवडाभर उरलेल्या पोळ्या आणि भाज्या लिहा. बुधवारी उसळ नेहमीच उरत असेल तर बुधवारी ती कमी करायची.

चौथी जागा सांगताना थोडा संकोच वाटतो, पण सांगायला हवी. तुमच्या घरचं दोन वेळचं जेवण दुकानातूनच जातं, आणि काही गिऱ्हाइकं यूपीआयचे पैसे तुमच्या यजमानांच्या खात्यावर टाकतात. पहिल्यात माल जातो पण विक्री दिसत नाही. दुसऱ्यात विक्री झालेली असते, वहीत चढत नाही. दोन्हींमुळे वाटा खरा आहे त्याहून मोठा दिसतो. घरचं जेवण विक्रीत धरू नका, वेगळ्या रकान्यात लागत किमतीने लिहा आणि वापरलेल्या मालातून वजा करा. क्यूआर कोड फक्त दुकानाच्या खात्याचा ठेवा, कारण तसं केलं नाही तर कराचा हिशोबही चुकतो. कदाचित 54 मधले दोन-तीन रुपये इथेच सापडतील.

हा आकडा एका आठवड्यावरून जोखू नका. पावसाळ्यात भाजी महागते, सुट्ट्यांत कंपन्या बंद असतात. चार आठवड्यांची सरासरी काढा. ती सलग दोनदा वर सरकली तर शोध सुरू करा. फराळाची खरेदी-विक्री पूर्ण वेगळी मांडा, तिचं गणितच वेगळं असतं.

आता या वाट्याचा कल्याणशी संबंध बघा. तिथला गाळा, पगार, गॅस, वीज मिळून तुम्ही महिन्याला 95,000 धरलेत. आठवड्याचा खर्च काढताना चारने भागू नका, वर्षाचा खर्च काढून 52 ने भागा. येतात 21,900. मालाला 54 आणि कराला 5 गेले की रुपयामागे 41 पैसे उरतात. एवढ्यावर तो गाळा ना नफा ना तोटा चालायला आठवड्याला 53,400 ची विक्री हवी. मालाचा वाटा 46 वर आला तर 49 पैसे उरतात, आणि 44,700 पुरतात. नवीन जागी पहिल्या वर्षात आठवड्याचे हे 8,700 जास्तीचे कमावणं फार जड जातं. डोंबिवलीतली गळती बंद न करता कल्याणला गेलात तर तीच गळती तिथेही घेऊन जाल, आणि तिथे डब्यात भाजी भरताना बघायला तुम्ही नसाल.

डोंबिवलीचा खर्च पगार, भाडं, गॅस, वीज धरून आठवड्याला 27,700 येतो. यात तुमचा स्वतःचा महिन्याचा 20,000 पगार मी घातलाय. तो तुम्ही मांडलाच नव्हता. 82,000 मधून माल, कर आणि हा खर्च गेला की उरतात 6,200. म्हणजे धंदा तोट्यात नाही, पण शाखेचं ओझं घेण्याइतकी ताकद अजून त्यात नाही.

तिसरा आकडा थकलेली उधारी. कंपन्यांकडून 1,64,000 येणं आहे. महिनाअखेरीला बिल म्हटल्यावर चार-पाच आठवड्यांची उधारी राहणारच, त्यामुळे एकूण रकमेने घाबरू नका. बघायचं ते 45 दिवसांहून जुनं किती. तुमचे 58,000 एकाच कंपनीकडे अडकलेत. सध्याच्या नफ्याने ते भरून काढायला नऊ आठवड्यांहून जास्त लागतील, आणि त्या कंपनीला तुम्ही अजूनही रोज डबे पाठवताय.

सूक्ष्म उद्योग म्हणून तुमची सरकारी उद्यम नोंदणी आहे ही जमेची बाजू. कायद्याने सूक्ष्म उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर 2023-24 पासून त्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच आयकरात दाखवता येतो. अकाउंट्सवाल्यांना हे ठाऊक असतं. मार्च जवळ आला की ते स्वतःच थकलेली बिलं शोधतात, पण तोपर्यंत थांबायचं कारण नाही. उद्यम क्रमांक बिलावर छापा.

तेरा आठवडे धरण्याचं कारण असं, की त्यात कराचा एक हप्ता आणि दिवाळी दोन्ही येतात. तेवढ्यात चार आठवड्यांचा सरासरी वाटा 48 च्या खाली टिकला, 45 दिवसांहून जुनी उधारी शून्याजवळ आली, आणि मोकळे पैसे चार आठवड्यांच्या खर्चाएवढे, म्हणजे सुमारे 1,10,000 झाले, तर कल्याणचा विषय पुन्हा काढू. तेव्हाही पूर्ण एफडी मोडा असं मी म्हणणार नाही. या दिवाळीला पैसे कमी पडले तर बांगड्यांऐवजी एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या. बहुतेक बँका एफडीच्या व्याजाहून एक-दोन टक्के जास्त दराने तो देतात, आणि जेवढे वापराल तेवढ्यावरच व्याज लागतं. फराळ विकला की लगेच भरून टाका.

सोमवारी सकाळी आधी त्या कंपनीत फोन करा. अकाउंट्समधल्या माणसाचं नाव विचारून घ्या, जुन्या बिलांची यादी तारखांसह त्याच्या मेलवर पाठवा, आणि शुक्रवारपर्यंत निम्मे पैसे आले नाहीत तर पुढच्या सोमवारपासून डबे रोख, असं त्यातच लिहा. शनिवारी रात्री माल मोजून झाला की तिन्ही आकडे मला पाठवा.