रेपोमधला हेअरकट नेमका कोणत्या धोक्यासाठी असतो?

प्रश्न: मी ठाण्याचा. माझ्या लिक्विड फंडाच्या फॅक्टशीटमध्ये बरेच पैसे ट्रेप्समध्ये दिसतात. शोधल्यावर कळलं की हे सरकारी रोखे तारण घेऊन दिलेलं कर्ज आहे. पण शंभरच्या रोख्यावर शंभर देत नाहीत, हेअरकट कापतात. सरकार तर बुडत नाही, मग कापायचं कशासाठी?

उत्तर:

हेअरकट सरकारच्या भीतीने लावत नाहीत. तो दोन गोष्टी एकदम घडल्या तर हाताशी असावा म्हणून असतो: पैसे घेणारा परत करायला आला नाही, आणि रोखा विकायला काढेपर्यंत त्याचा भाव उतरला. सरकार व्याज आणि मुद्दल वेळेवर देणार हे खरं, पण मुद्दल मिळणार दहा वर्षांनी. तुम्हाला पैसे हवेत सोमवारी. सोमवारी त्या रोख्याचे बाजारात काय येतील, याची हमी सरकारने कधीच दिलेली नसते.

मी ऐरोलीत एका बँकेच्या ट्रेझरीच्या बॅक ऑफिसला काम करते, रेपोची सेटलमेंट आणि तारणाचं मूल्यांकन हेच माझं रोजचं काम. त्यामुळे एक व्यवहार आकड्यांसकट मांडते.

ट्रेप्स हा रेपोचाच एक प्रकार, आणि रेपो कागदावर विक्रीच असते. ज्याला पैसे हवेत तो रोखा आज विकतो आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या रकमेला परत विकत घेण्याचा करार करतो. दोन रकमांमधला फरक म्हणजे व्याज. सोनं तारण ठेवलं तर दागिना सावकाराच्या तिजोरीत असतो पण मालकी आपलीच राहते. रेपोत मालकीच पैसे देणाऱ्याकडे जाते, म्हणून समोरचा चुकला तर कोर्टाच्या पायऱ्या न चढता तो रोखा विकून मोकळा होऊ शकतो. हेअरकटचा सगळा हिशेब या 'विकून मोकळा होणे' एवढ्यावर बसवलेला आहे.

समजा, शुक्रवारी एका बँकेने दहा वर्षं मुदतीचा, 7 टक्के व्याजाचा सरकारी रोखा आणला. बाजारभावाने किंमत बरोबर 10 कोटी. हेअरकट 2 टक्के, म्हणून तिला मिळाले 9 कोटी 80 लाख. दर 6.5 टक्के. शुक्रवार ते सोमवार तीन दिवस, म्हणजे व्याज झालं 52,356 रुपये. सोमवारी तिने 9,80,52,356 रुपये द्यायचे आणि रोखा न्यायचा.

आता सोमवारी ती आलीच नाही, आणि मधल्या काळात दहा वर्षांच्या रोख्याचं यील्ड, म्हणजे आजच्या बाजारभावाने घेतला तर त्यावर मिळणारा वार्षिक परतावा, पाव टक्क्याहून थोडं जास्त, म्हणजे 0.26 टक्के वाढलं. असा रोखा यील्ड एक टक्का वाढलं की साधारण सात टक्क्यांनी उतरतो. 0.26 टक्क्याला तो उतरेल 1.8 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 10 कोटींचे झाले 9 कोटी 82 लाख. देणाऱ्याचे 9 कोटी 80 लाख 52 हजार त्यातून सुटतात, वर दीडेक लाख उरतात. ते उरलेले समोरच्याच्या खात्यावर जमा धरायचे असतात, आपले नसतात.

हाच व्यवहार हेअरकटशिवाय करून बघा. दिले 10 कोटी, तीन दिवसांचं व्याज 53,425. येणं 10,00,53,425 आणि हातात 9 कोटी 82 लाखांचा रोखा. साडेअठरा लाख गेले. त्रेपन्न हजार मिळवायला कोणी साडेअठरा लाखांचा धोका घेत नाही. घरकर्ज देणारी बँक वर्षानुवर्षं व्याज घेते, दहा कर्जांतलं एक अडकलं तरी बाकीच्या नऊंच्या कमाईत ते झाकता येतं. रेपोतली कमाई इतकी बारीक असते की एका व्यवहारातला खड्डा कित्येक महिन्यांची कमाई गिळतो. म्हणून इथे धोक्याची भरपाई व्याजदर वाढवून करत नाहीत, उसनी रक्कमच आधी कमी करतात.

0.26 हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. 4 मे 2022 ला रिझर्व्ह बँकेने नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर, दुपारी दोन वाजता रेपो दर 0.40 टक्क्याने वाढवल्याचं जाहीर केलं. दहा वर्षांच्या रोख्याचं यील्ड आदल्या 7.12 वरून दिवसअखेर 7.38 च्या आसपास गेलं. जेवणानंतरची वेळ, आमच्या मजल्यावर स्क्रीनवरचे भाव लाल होत खाली सरकत होते, आणि डीलर खरेदीचे भाव काढून घेत होते, म्हणजे विकायला निघालात तर समोर घेणाराच पातळ. दुपारपर्यंत पुरेसं वाटणारं तारण संध्याकाळच्या मूल्यांकनात तोकडं पडलं की वाढीव मार्जिन मागायचं, हे काम त्या दिवशी उशिरापर्यंत चाललं. त्या संध्याकाळी सरकार पैसे फेडेल की नाही, याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती.

हेअरकट सगळ्या रोख्यांना सारखा का नसतो, तेही यातूनच कळतं. 91 दिवसांच्या ट्रेझरी बिलाचं यील्ड तेवढंच वाढलं तर 10 कोटींवर फरक पडतो साठ-पासष्ट हजारांचा. तीस वर्षांच्या रोख्यावर तोच फरक एकतीस-बत्तीस लाखांवर जातो. दोन्ही सरकारचेच, पत एकच, फक्त मुदत वेगळी. दुसरा मुद्दा विकण्याच्या वेळेचा. चलती असलेला दहा वर्षांचा रोखा एनडीएस-ओएम या सरकारी रोख्यांच्या खरेदी-विक्रीच्या यंत्रणेच्या स्क्रीनवर काही मिनिटांत जातो. जुन्या, क्वचित व्यवहार होणाऱ्या रोख्याला मात्र फोनाफोनी करून गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि शोधता शोधता भाव आणखी घसरतो. कंपन्यांच्या रोख्यांचं तर बरंचसं असंच. रिझर्व्ह बँकेच्या 2018 च्या रेपो निर्देशांत नोंदणीकृत कॉर्पोरेट बाँडला किमान 2 टक्के हेअरकट ठरवला होता, आणि मुदत व विक्रीयोग्यता बघून त्याहून जास्त लावायची मुभा ठेवली होती. ती किमान मर्यादा होती, कमाल नव्हे.

तुमच्या फंडाच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. ट्रेप्समध्ये फंड हेअरकट स्वतः ठरवत नाही. नोव्हेंबर 2018 पासून सीबीएलओ या तारणावरच्या उसनवारीच्या जुन्या व्यवस्थेच्या जागी ट्रेप्स आलं, आणि त्यात सीसीआयएल, म्हणजे असे व्यवहार पुरे करून देणारी क्लिअरिंग कॉर्पोरेशन, दोघांच्या मध्ये उभी असते. पैसे घेणारा आपले रोखे तिच्याकडे ठेवतो, ती हेअरकट वजा करून त्याची उसनवारीची मर्यादा काढते, आणि देणाऱ्यासाठी प्रतिपक्ष सीसीआयएलच असते. म्हणून फॅक्टशीटमध्ये तुम्हाला घेणाऱ्याचं नाव दिसत नाही.

मग सरळ 10 टक्के का कापत नाहीत, सगळेच निर्धास्त होतील? नाही होणार, कारण कापलेली रक्कम हा रोखा देणाऱ्याचा धोका असतो. त्याने 10 कोटींचा रोखा दिला, हातात 9 कोटी आले. उद्या पैसे देणाराच बुडाला तर वरच्या एका कोटीसाठी त्याला बाकीच्या धनकोंबरोबर रांगेत उभं राहावं लागेल. ही बाजू लोक विसरतात, म्हणून न्यूयॉर्कचं एक प्रकरण सांगते. 1982 पर्यंत तिथे रेपोत रोख्याची किंमत धरताना त्यावर साचलेलं व्याज मोजायची पद्धत नव्हती. ड्रायस्डेल गव्हर्नमेंट सिक्युरिटीज नावाच्या छोट्या डीलरने हे हेरलं. व्याजाची तारीख जवळ आलेले रोखे तो रेपोत घ्यायचा, साचलेलं व्याज सोडून रक्कम द्यायचा, आणि बाजारात तेच रोखे व्याजासकट पूर्ण किमतीला विकायचा. मधला फरक त्याच्या हातात खेळायला. व्याजाची तारीख आली की ते व्याज मूळ मालकाला भरायचं, आणि तोवर नवे रोखे घेऊन पैसा फिरवत राहायचं. मे 1982 मध्ये सुमारे 16 कोटी डॉलरचं व्याज त्याला देता आलं नाही, आणि बराचसा भार मध्यस्थ असलेल्या चेस मॅनहॅटन बँकेवर आला. त्यानंतर साचलेलं व्याज किमतीत धरायची पद्धत रुजली. मी मूल्यांकन तपासते तेव्हा पहिली नजर याच रकान्यावर जाते. साचलेलं व्याज सुटलं असेल तर कागदावर 2 टक्के दिसणारा हेअरकट प्रत्यक्षात 4 किंवा 5 टक्के असतो, आणि तो धोका कोणीतरी नकळत उचलत असतो.

हेअरकट वाढवला की काय होतं, तेही बघा. 2 टक्के हेअरकटवर स्वतःचे 2 कोटी असलेला डीलर 100 कोटींचे रोखे सांभाळू शकतो, बाकी 98 कोटी उसने. हेअरकट 4 टक्के झाला की त्याच 2 कोटींवर 50 कोटींचेच रोखे मावतात. उरलेले 50 कोटींचे त्याला विकावे लागतात, तेही त्याच दिवसांत, जेव्हा इतरांनाही विकायचे असतात. भाव पडतो, पडलेल्या भावाकडे बघून देणारे हेअरकट आणखी वाढवतात. 2007-08 मध्ये अमेरिकेत गृहकर्जांवर काढलेल्या रोख्यांच्या बाबतीत हेच झालं. म्हणून हेअरकट ठरवताना गेल्या महिन्यातली शांतता न बघता वाईट दिवस धरावा, असं माझं ठाम मत आहे. आधीच 4 टक्के असेल तर गडबडीच्या दिवशी तो वाढवायची पाळी येत नाही.

आणि हेअरकट कितीही नीट ठरवला तरी एका ठिकाणी तो तोकडा पडतो. मार्च 2008 मध्ये बेअर स्टर्न्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेला उत्तम प्रतीच्या तारणावरसुद्धा पैसे द्यायला लोक तयार नव्हते. तारण पुरेसं होतं, पण समोरचा आठवड्याअखेरपर्यंत टिकेल का हीच शंका असेल, तर उद्या रोखे विकत बसण्यापेक्षा आज पैसे न दिलेले बरे, असा विचार प्रत्येकाने केला. 16 मार्चला ती जेपी मॉर्गन बँकेच्या पदरात गेली. भारतात ट्रेप्समध्ये सीसीआयएल मध्ये असल्यामुळे देणाऱ्याला समोरच्याचं नाव बघून घाबरायचं कारण उरत नाही. फॅक्टशीटमध्ये ट्रेप्सऐवजी 'कॉर्पोरेट बाँड रेपो' अशी ओळ दिसली, तर मात्र कंपनी कोणती, मुदत किती आणि हेअरकट किती, हे फंड हाउसला ईमेल करून जरूर विचारा.