एबीएसची पिवळी लाईट जात नाही, पण ब्रेक नीट लागतात

प्रश्न: मीटरवर एबीएसची पिवळी लाईट पेटलेलीच राहते, ब्रेक मात्र नेहमीसारखेच लागतायत. गॅरेजवाला म्हणतो पूर्ण एबीएस युनिट बदलावं लागेल. खरंच का? आणि तोवर गाडी चालवली तर चालेल का?

उत्तर: युनिटला अजून हात लावू देऊ नका. मी ऑटो इलेक्ट्रिकचंच काम करतो, आणि ही लाईट घेऊन येणाऱ्या बहुतेक गाड्यांत भानगड चाकाजवळच्या स्पीड सेन्सरमध्ये नाहीतर त्याच्या वायरमध्ये सापडते.

आधी गाडी चालवण्याचं सांगतो. तुम्ही ब्रेक दाबला की मास्टर सिलेंडरमधून ऑइलचं प्रेशर चाकांना जातं, ते एबीएस बंद असलं तरी जातंच, म्हणून रोजच्या ब्रेकिंगमध्ये काही फरक कळत नाही. फरक कळतो तो पावसात किंवा खडीवर करकचून ब्रेक मारल्यावर, तेव्हा चाकं जाम होतात आणि स्टीअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच घसरत जाते. तेव्हा गाडी गॅरेजपर्यंत न्या, पण सावकाश आणि पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवून. मात्र पिवळीबरोबर ब्रेकची लाल लाईटपण पेटली असेल (हँडब्रेक खाली असताना) तर आधी ब्रेक ऑइलची लेव्हल बघा आणि गाडी चालवू नका, कारण तेव्हा ऑइल कमी असू शकतं किंवा मागच्या चाकांचं प्रेशर सांभाळणारं ईबीडीसुद्धा बंद पडलेलं असू शकतं.

आता एक गोष्ट घरीच बघा, लाईट नक्की कधी लागते. चावी ऑन केल्यावर ती सगळ्याच गाड्यांत काही सेकंद पेटते आणि विझते. ती विझलीच नाही तर बहुधा वायर तुटलीय किंवा शॉर्ट आहे, कारण हे युनिटला गाडी उभी असतानाच कळतं. आणि विझून मग गाडी हलल्यावर थोड्या स्पीडला परत लागली, तर सर्किट जोडलेलं आहे पण एका चाकाचा सिग्नल नीट येत नाहीये, म्हणजे सेन्सरच्या तोंडाला लोखंडाचा कीस चिकटलाय, दातेरी रिंगला तडा गेलाय, असलं काहीतरी.

मग एबीएस वाचणारा स्कॅनर लावायचा. ऑनलाइन मिळणारे स्वस्त रीडर बरेचदा फक्त इंजिनचे कोड दाखवतात, त्यात 'नो फॉल्ट' आलं म्हणून समाधान मानू नका. कोडमध्ये कुठलं चाक ते कळतं, पण 'डावा पुढचा सेन्सर' असा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही, त्या सर्किटमध्ये कुठेतरी गडबड आहे एवढाच त्याचा अर्थ.

माझ्याकडे एक जुनी हॅचबॅक आली होती, शॉकअप बदलल्यानंतर तिची लाईट अधूनमधून लागायची. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात तीन चाकं 20 चा स्पीड दाखवायची आणि डावं पुढचं मधेच शून्यावर यायचं. सेन्सर जुन्या कॉइलच्या पद्धतीचा होता म्हणून कपलर काढून मल्टिमीटर लावला, चाक सरळ असताना 1.1 किलोओहम, म्हणजे कॉइल व्यवस्थित. मग मीटर तसाच लावून ठेवून स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवायला सांगितलं आणि रीडिंग थेट ओपन! शॉकअप बसवताना वायरची क्लिप परत ब्रॅकेटमध्ये अडकवलीच नव्हती, त्यामुळे दर वळणाला वायर ताणली जाऊन आतली तांब्याची तार तुटली होती, वरचं रबर मात्र अगदी शाबूत, नुसतं बघून कुणालाही कळलं नसतं.

ही वायर सेन्सरला जोडूनच येते आणि चाकाबरोबर सतत हलते, तिथे सांधा टिकत नाही, म्हणून आम्ही वायरसकट सेन्सर बदलला आणि क्लिप जागेवर बसवली. तुटलेली जागा बॉडीच्या बाजूला असती, उंदराने कुरतडलेली वगैरे, तर सोल्डर करून वर हीटश्रिंक चढवून काम झालं असतं. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर पावसाळ्यात पाणी पिते आणि लाईट परत येते.

पण ही ओहमची टेस्ट नवीन गाड्यांना करू नका. त्यांच्या सेन्सरच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, ओहम मोजून काही कळत नाही. तिथे कपलर काढून, चावी ऑन करून, गाडीकडून येणाऱ्या बाजूला सप्लाय येतोय का ते बघायचं, बऱ्याच गाड्यांत तो बॅटरीच्या व्होल्टेजच्या आसपास असतो. सप्लाय नाही तर वायरिंग तपासा, आहे तर मग सेन्सर.

आणि हल्लीच व्हील बेअरिंग बदललं असेल तर मेकॅनिकला ते आवर्जून सांगा. बऱ्याच गाड्यांत सेन्सर वाचतो ती चुंबकीय पट्टी बेअरिंगच्या एकाच बाजूच्या सीलवर असते, बेअरिंग उलटं बसलं तर नवीन सेन्सर टाकूनही सिग्नल येणार नाही. काम झाल्यावर लाईट जागच्या जागी विझली नाही तरी घाबरू नका, कोड क्लिअर करून गाडी थोडी पळवावी लागते, बऱ्याच गाड्यांत चारही चाकांचा स्पीड बरोबर मिळाल्यावरच ती जाते.