बटरमिल्कऐवजी दही घालू की दुधात लिंबू पिळू?

«केकच्या रेसिपीत पाऊण कप बटरमिल्क आणि पाव चमचा सोडा लिहिलाय. सोलापुरात बटरमिल्क मागितलं की मसाला ताक हातात देतात. म्हणून घरचं दही घातलं, त्यात सोडा टाकून पाच मिनिटं फुगू दिलं, तरी केक गच्च, पांढुरका आणि आंबट झाला. दही चुकलं का? दुधात लिंबू पिळलं तर चालेल?»

दही घातलंत ते बरोबरच केलंत. चुकलं ते दोन ठिकाणी असणार. दही किती आंबट झालंय ते चाखून पाहिलं नसेल, आणि दुसरं म्हणजे सोड्याचा फेस भांड्यातच येऊ दिलात. लिंबाचं दूधही चालतं, पण केकपेक्षा पॅनकेकला जास्त.

आधी बटरमिल्कचं नाव डोक्यातून काढा. आपलं ताक म्हणजे दही घुसळून, लोणी काढून, वर भरपूर पाणी घातलेलं. रेसिपीतलं बटरमिल्क म्हणजे विरजण लावून आंबवलेलं दूध. ते दाट असतं, चमच्यावरून सावकाश ओघळतं, आणि त्यात मीठ-जिरं काही नसतं. म्हणून ताक न घेता दह्यापासूनच करायचं. पाऊण कप हवं असेल तर अर्धा कप घट्ट दही आणि पाव कपाला थोडं कमी पाणी रवीने एकजीव करा. डोशाच्या पिठाइतकं सैल झालं की झालं. दही पातळच असेल तर पाणी घालूच नका.

आता आंबटपणा. मी जुळे सोलापुरात घरूनच ऑर्डरचे केक करते, आणि हा धडा मला एका मे महिन्यात मिळाला. रात्री विरजण लावलं, सकाळी दही छान लागलं होतं, पण फ्रिजमध्ये टाकायला विसरले. आपल्याकडे त्या दिवसांत पारा चाळिशीच्या वर. दुपारी चारला तेच दही केकमध्ये घातलं. केक तुमच्यासारखाच निघाला: वरून पांढुरका, आतून गच्च, खाताना जिभेच्या कडेला आंबट. पुढच्या खेपेला घाबरून सोडा दुप्पट केला, तर केक तपकिरी झाला, मोठमोठी भोकं पडली, मधोमध बसला आणि साबणासारखा वास आला. तेव्हा कळलं की दही आणि सोडा एकमेकांच्या हिशेबाने घालायचे असतात, आणि रेसिपी लिहिणाऱ्याने माझं दही चाखलेलं नसतं.

हिशेब सोपा आहे. सोड्याला आंबट भेटलं की वायू तयार होतो आणि केक फुगतो. घरचं बेताचं आंबट दही अर्धा कप घेतलं तर ते साधारण पाव चमचा सोडा पुरता खाऊन टाकतं. (इथे चमचा म्हणजे मापाचा, 5 मिलीचा. चहाचा नव्हे.) दही आंबटढाण असेल तर त्याच्या अंगात अजून निम्मा तरी सोडा खाण्याची ताकद असते. तो मिळाला नाही की आंबट शिल्लक राहतं.

हे शिल्लक राहिलेलं आंबट केकची जाळी बदलतं. थोडा आंबटपणा केकला हवाच असतो. त्याने मैद्याचा चिवटपणा कमी होतो, म्हणून केक चामट होत नाही. शिवाय अंड्यातली प्रथिनं थोडी लवकर आवळतात, त्यामुळे बुडबुडे मोठे व्हायच्या आत जाळी पक्की होते. बारीक, एकसारखी, मऊ जाळी मिळते ती यातूनच. पण आंबट जास्त झालं की हेच उलटतं. केक पुरता फुगायच्या आतच आवळतो आणि गच्च बसतो. रंगही येत नाही, कारण आंबट पिठात वरचा भाग नीट तांबूस होत नाही. म्हणून तुमचा केक कच्चा नसतानाही पांढुरका दिसला. सोडा जास्त झाला तर सगळं याच्या विरुद्ध होतं: रंग गडद, भोकं मोठी, चव साबणासारखी.

मी एकदा मुद्दाम करून पाहिलं. दोन अंडी, 150 ग्रॅम साखर आणि 80 मिली तेल एकत्र फेटून वजनाने तीन वाटे केले. 180 ग्रॅम मैद्यात पाव चमचा सोडा, पाऊण चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ घालून दोनदा चाळलं, त्याचेही तीन वाटे. मग तिन्हींत 60-60 मिली वेगवेगळं द्रव घातलं. एकात सकाळीच फ्रिजमध्ये ठेवलेलं दही सैल करून, दुसऱ्यात त्याच विरजणाचं, पण दिवसभर ओट्यावर राहिलेलं दही, तिसऱ्यात लिंबू पिळलेलं दूध. स्टीलच्या तीन सारख्या वाट्यांना तूप लावून तिन्ही 170 अंशांवर एकदमच भाजल्या.

गार झाल्यावर उभे काप करून खिडकीशी धरले. पहिल्याची जाळी मोहरीच्या दाण्याएवढी, वरपासून खालपर्यंत सारखी. बोटाने दाबलं तर परत वर आला. दुसरा उंचीला कमी, तळाशी बोटभर जाडीचा पट्टा जवळजवळ बिनजाळीचा, ओलसर. वास चांगला, पण चव आंबूस. तिसरा लिंबाच्या दुधाचा. तो फुगला छान, पण भोकं काही बारीक, काही मोठी, आणि कापताना कडा भुरभुरल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी कोरडाही तोच पडला.

लिंबाच्या दुधाचं असं का, तर त्यात दाटपणा नसतो. दूध नासतं, म्हणजे बारीक कण वेगळे आणि पाणी वेगळं. विरजलेल्या दह्यात ते पाणी जाळ्यात अडकलेलं असतं, म्हणून पीठ जड राहतं आणि बुडबुडे जागच्या जागी धरून ठेवतं. पातळ पिठात तेच बुडबुडे वर सरकतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात.

तरी लिंबाचं दूध टाकाऊ नाही. पाऊण कपाचं माप घ्या, त्यात 15 मिली, म्हणजे एक मोठा चमचा गाळलेला रस घाला आणि वर तापवून गार केलेलं दूध ओता. दूध फ्रिजमधलं थंडगार नको, खोलीच्या तापमानाचं हवं, नाहीतर नीट नासत नाही. दहा मिनिटांनी कण दिसले की वापरा. एवढा रस साधारण पाव चमचा सोड्याला पुरतो. रेसिपीत अर्धा चमचा सोडा असेल तर मात्र एका चमच्यात भागणार नाही. आणि अर्धं लिंबू, एक लिंबू असं मोजू नका. बाजारातलं एक लिंबू रसाने टचटचीत निघतं, दुसऱ्यात नुसत्या बिया.

पॅनकेकला हे दूध उत्तम, कारण तव्यावर दोन-तीन मिनिटांत खेळ संपतो, बुडबुड्यांना वर सरकायला वेळच मिळत नाही. एक कप मैदा, पाव चमचा सोडा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, एक अंडं, चमचाभर साखर, दोन चमचे वितळलेलं लोणी आणि वर सांगितलेलं पाऊण कप दूध. गुठळ्या राहू द्या, फेटत बसू नका. लिंबाचा वास थोडा येतो. आमच्याकडे मुलांना तो आवडतो, सासूबाईंना नाही.

आता तुमचं फुगू देणं. दह्यात सोडा घालून फेसाळेपर्यंत थांबा, असं बऱ्याच व्हिडिओंत सांगतात. तो फेस म्हणजेच केक फुगवणारा वायू, आणि तुम्ही तो पाच मिनिटं हवेत सोडलात. रेसिपीत बेकिंग पावडर भरपूर असेल तर ती उष्णतेत सांभाळून घेते, नसेल तर केक बसतो. सोडा मैद्यातच चाळा. दही शेवटी घाला, पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळा, आणि त्याच्या आधी ओव्हन तापलेला हवा. कुकरमध्ये करत असाल तर कुकर आधी दहा मिनिटं तापत ठेवा, मगच दह्याला हात लावा.

राहिला प्रश्न दही ओळखायचा. चमचाभर चाखा. जेवताना नुसतं खावंसं वाटलं तर अर्ध्या कपाला पाव चमचा सोडा बरोबर. डोळे मिटले, दात आंबले, तर पाव चमच्याच्या निम्मा सोडा वर घाला, किंवा त्याची सरळ कढी करा आणि केकला दुसरं दही लावा. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, थंडीत, उलटी अडचण येते. दही अदमुरं लागतं, जवळजवळ गोड. तेव्हा अर्ध्या कप दह्यात एक छोटा चमचा लिंबाचा रस मिसळा, नाहीतर सोडा शिल्लक राहून चवीला येईल.

तरीही खात्री नसेल तर मी करते ते करा. पीठ तयार होण्याआधीच छोटा तवा मंद आचेवर ठेवा. टिनमध्ये ओतताना एक चमचा पीठ तव्यावर टाका, दोन्ही बाजूंनी भाजून चाखा. पांढुरकी आणि आंबट लागली तर दोन चिमटी सोडा छोटा चमचाभर पाण्यात विरघळवून पिठात हलक्या हाताने फिरवा. कोरडा टाकू नका, पिवळे ठिपके पडतात. पटकन तपकिरी झाली आणि जिभेवर साबण आला तर अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस. मग टिन लगेच आत.